याकोबभाऊंच्या रिक्षात राहिलेली पिशवी

याकोबभाऊंच्या रिक्षातून माणूस उतरला की ते पैसे घ्यायच्या आधी मागे वळत आणि उजवा हात सीटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. घरातली बाई रात्री झोपताना अंथरुणावरून हात फिरवते तसा. मग खाली वाकून पाय ठेवायच्या जागेत बघत आणि मगच म्हणत, "हां, न्या आता सगळं. बसा म्हनलं तवा बसला, आता उतरा म्हनतोय तर पुरतं उतरा."

आमच्या कॉलनीचं एक मासिक पान निघतं. ते काढणारी मुलगी परवा घरी आली आणि म्हणाली, बाई, एखाद्या रिक्षावाल्याने विसरलेली पिशवी परत केली, असं काहीतरी छान लिहा ना, लोकांना बरं वाटेल. थोडक्यात लिहा आणि शेवट गोड करा. मी हो म्हणाले. असा रिक्षावाला मला माहीत होता आणि पिशवी परत केल्याची गोष्टही माहीत होती. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की ती थोडक्यात होत नाही आणि गोडही होत नाही. आता जशी झाली तशी देते. तिने छापली तर छापली.

याकोबभाऊ मूळचे नेवासे तालुक्यातले. दोन पिढ्यांमागे घराणं ख्रिस्ती झालेलं, वडील मिशनच्या शाळेत शिपाई. तरुणपणी नगरला आले, आधी टांगा हाकला आणि टांगे मागे पडू लागले तेव्हा रिक्षा घेतली. उंच, वाळलेले, खाकी सदऱ्यावर पितळी बिल्ला, डोक्याला कायम मळकी पांढरी टोपी. मी सावेडीत राहायचे आणि शाळा गावात, म्हणून सकाळी मला न्यायला ते यायचे. सलाम बाई म्हणायचे आणि शाळेपर्यंत अखंड बोलायचे. मी फळ्यासमोर दिवसभर बोलणारी बाई, मला सकाळी कुणी बोललेलं खपायचं नाही. पण त्यांना गप्प बसा म्हणायची माझी कधी छाती झाली नाही.

विसरलेल्या वस्तूंबद्दल त्यांचं एक शास्त्रच होतं. ते म्हणायचे, "रिक्षा मंजी काय बाई, घरापुडचा वटा आस्तो तसा चाकाचा वटा हाय. लोकं येतात, बसतात, मन मागं ठिवून जातात. पिशवी तर ऱ्हानारच." सुनेसाठी नेलेली कोंबडी, कुणाच्या दातांची कवळी, लग्नघरच्या मुंडावळ्या, वकिलाचा काळा कोट, असं काय काय त्यांच्याकडे राहिलेलं असे. वस्तू सापडली की ते एकट्याने कधीच उघडत नसत. स्टँडवर आणून दोघा रिक्षावाल्यांसमोर उघडायची, आत काय आहे ते मोठ्याने बोलायचं, पुन्हा सुतळीने बांधायची. मग त्या दिवसाची भाडी शेवटापासून उलटी आठवायची. कोण कुठे उतरलं ते कळलं की तिथेच जाऊन उभं राहायचं. "इसरलेला मानूस घरला जात न्हाई. आदी उतारल्या जागी येतो आन् येड्यासारका रस्त्याकडं बगत ऱ्हातो. आपन तितं दिसलं पायजे." तासाभराने कुणी आलंच नाही तर पोलीस चौकी. चौकीत ते वस्तू दिल्याची पोच मागत आणि ती मिळाल्याशिवाय हलत नसत, म्हणून हवालदार मंडळींना ते फारसे आवडत नसत.

त्या दिवशी सकाळी ते आले तेच घाईने. तारकपूर स्टँडवर एक भाडं सोडून आलो म्हणाले. मी आत बसले आणि रिक्षा वळली तशी माझ्या कानाला एक पिशवी लागली. टपाला आतून आडवा लोखंडी पाइप असतो, त्याला मागच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याच्या कापडाची पिशवी लटकत होती. मला वाटलं याकोबभाऊंचा डबा. तसं मी म्हणालेही.

ते म्हणाले, डबा तर माझ्या पायाशी आहे. आणि त्यांनी रिक्षा कडेला घेतली.

मी पिशवीच्या तोंडाशी हात लावला. आत मातीचं लहानसं गाडगं होतं, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. आमच्याकडे लहान पोरालाही कळेल ते काय आहे. मी हात मागे घेतला आणि त्यांना सांगितलं की याकोबभाऊ, या अस्थी आहेत, कुणीतरी विसर्जनाला नेत होतं.

त्यांना क्षणभर उमगलं नाही. त्यांच्यात माणूस पुरतात, गाडग्यात बांधून कुठे नेत नाहीत. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "बाई, मंजी ह्याच्यात मानूस हाय?"

मी होय म्हणाले.

त्यांनी भाडी उलटी आठवली. आठवायला फार मागे जावं लागलं नाही. नालेगावात अमरधामच्या, म्हणजे स्मशानाच्या, दारातून एक म्हातारा शेतकरी बसला होता. हातात दोन पिशव्या. याकोबभाऊ खाली वाकून रिक्षा सुरू करायचा दांडा ओढत होते, तेवढ्यात त्याने एक पिशवी वर अडकवली असणार. अस्थी जमिनीवर ठेवत नाहीत, सीटवर ठेवायच्या म्हणजे लोक जिथे बसतात तिथे ठेवायच्या. घरातही आणत नाहीत, दाराबाहेर झाडाला टांगतात. म्हाताऱ्याने रिक्षातही तेच केलं, जपून, रीतीप्रमाणे, वर टांगलं. तारकपूरला नेवाश्याकडची गाडी निघालीच होती. कंडक्टरची घंटा ऐकून तो मांडीवरची पिशवी घेऊन धावला. याकोबभाऊंनी सीटवर हात फिरवला तेव्हा सीट मोकळीच होती.

"मी वर बगितलंच न्हाई," ते म्हणाले. हे वाक्य त्या दिवसभरात त्यांनी इतक्यांदा म्हटलं की शेवटी मला राग आला.

आम्ही उलटे तारकपूरला गेलो. उतरल्या जागी कुणी नव्हतं, गाडी केव्हाच गेली होती. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने पिशवीकडे पाहिलं आणि ती खिडकीवर ठेवू नका एवढंच सांगितलं. शेजारी पोलीस चौकी होती. तिथले हवालदार वयस्क, भले गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. बेवारस वस्तू म्हणून नोंद करावी लागेल, दोन पंच बोलवून उघडावी लागेल. आत माणसाची हाडं आहेत म्हटल्यावर साहेबांना दाखवावं लागेल. तोवर मुद्देमालाच्या खोलीत राहील. मालकाने येऊन ओळख पटवली की मिळेल.

याकोबभाऊंनी त्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं, आत जप्त केलेले हातभट्टीचे डबे आणि मोडक्या सायकली दिसत होत्या. त्यांनी विचारलं, आज मिळेल का? हवालदार म्हणाले, आज कसं मिळेल, उद्या-परवा बघू.

"मंग नगं," याकोबभाऊ म्हणाले. "मी नोंद केलीच न्हाई असं समजा."

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. ते म्हणाले, मी काही लिहिलेलं नाही, पण हद्दीबाहेर जाऊ नकोस, तुझं परमिट गावापुरतं आहे. माणूस चांगला होता, म्हणून आधीच सांगून मोकळा झाला.

तिथून अमरधाम. तिथल्या राखणदाराला म्हातारा चांगला आठवत होता. किसन आबा, सोनईजवळच्या वस्तीवरचे. (नाव मी बदललं आहे.) त्यांचा मुलगा सोपान नगरला विहिरीच्या कामावर होता. दगड वर ओढायच्या यारीचा दोर तुटला आणि दगडाने भरलेलं टोपलं त्याच्या अंगावर आलं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वारला. गावी न्यायची सोय झाली नाही, म्हणून इथेच अग्नी दिला, आणि राख सावडून गाडगं इथेच खुंटीला टांगून ठेवलं. आज दहावा. म्हातारा पहाटेच्या गाडीने एकटा आला, गाडगं घेतलं, प्रवरासंगमला निघाला. त्याची बायको आणि भाऊकी गावाकडून बैलगाड्यांनी परस्पर संगमावर जाणार होती. राखणदार म्हणाला, पोरगा गेला तेव्हा आईला त्याचं तोंडही बघता आलं नाही. तिचं म्हणणं एवढंच आहे की निदान आज डोळ्यांनी बघून सोडते.

याकोबभाऊ रिक्षाशी आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमाला यावं लागंल."

मी म्हणाले, माझी शाळा आहे.

ते म्हणाले, "टांगून न्हेलं तर इमामपूरच्या घाटात पाइपाला आपटून फुटंल. खाली ठिवता येत न्हाई, तुमीच म्हनला. मंग मांडीवर कुनी घ्यायचं? मला तर हँडल धरायचंय. आन् मी क्रिस्ती. त्यांच्यातल्या कुनी तरी धरलेलं बरं."

मी शाळेत निरोप पाठवला आणि गाडगं मांडीवर घेतलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मरणाची नव्हे, विटाळाची नव्हे, ते सांडेल याची. गाडगं हलकं होतं. एवढा विहिरी फोडणारा धिप्पाड पोरगा आणि त्याचं एवढंच उरलं, हे मनातून जाईना. पंपावर याकोबभाऊंनी पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकी भरून घेतली आणि आम्ही औरंगाबाद रस्त्याला लागलो. रोज अखंड बोलणारा माणूस एक अक्षर बोलत नव्हता. त्या दिवशी मला ते खपत नव्हतं.

गावाची हद्द संपली आणि थोडं पुढे गेल्यावर परिवहन खात्याची जीप आडवी झाली. त्यांचं काम ते करत होते. शहराची रिक्षा, मागे बाई, म्हणजे हद्दीबाहेर भाडं मारतोय हे उघड होतं. अधिकाऱ्याने विचारलं, कुठे चाललास? मी तोंड उघडणार तोच याकोबभाऊंनी मागे न बघता हात हलवून मला गप्प केलं. म्हणाले, "भाडं हाय साहेब. चूक झाली." अधिकाऱ्याने लायसन्स आणि बिल्ला काढून घेतला, पावती फाडली आणि इथूनच माघारी फिर म्हणाला. आम्ही माघारी फिरलो, जीप दिसेनाशी झाल्यावर एका शेताच्या बांधावरून रिक्षा घेऊन पुन्हा रस्त्याला लागलो.

मी चिडून विचारलं, खरं का नाही सांगितलं? तर म्हणाले, "सांगितलं आस्तं तर दाकव म्हनला आस्ता. दाकवलं आस्तं तर परत पंच, परत साहेब. आज दहावा हाय बाई. कागदाचं काय, कागद उद्या बी आसतोय."

इमामपूरच्या घाटात इंजिन इतकं तापलं की रिक्षा मधेच थांबली. ती निवेपर्यंत ते रस्त्यात येरझाऱ्या घालत राहिले. घोडेगावला जनावरांचा बाजार होता. रस्ताभर बैल, म्हशी, शेळ्या, दोर धरून चाललेली माणसं. रिक्षा इंचाइंचाने सरकत होती आणि मी दोन्ही हातांचं कडं करून गाडगं पोटाशी धरून बसले होते. एका म्हशीचं शिंग टपात घुसलं तेव्हा याकोबभाऊ उतरून रिक्षाच्या बाजूने चालायला लागले, एक हात हँडलवर आणि दुसऱ्याने जनावरं बाजूला लोटत. आता उशीर झालाय हे दोघांनाही कळत होतं.

संगमावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वरच्या बाजूला, देवळाच्या भिंतीशी रिक्षा उभी केली. खाली घाटावर झाडाच्या सावलीत दहापंधरा माणसं बसली होती. एक म्हातारा मुंडण केलेला, ओल्या धोतराने पाण्यातून वर येत होता. याकोबभाऊंनी लगेच ओळखलं. मी हाक मारायला तोंड उघडलं.

त्यांनी माझा दंड धरला. आजवर त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता.

"हाक मारू नका," ते म्हणाले. "त्यांच्या हातात रिकामं गाडगं हाय बगा. लाल फडकं बी हाय. मंग आपल्याजवळ काय हाय?"

मला कळायला वेळ लागला. मास्तरणीला हिशेब पटकन येतो असं लोकांना उगाच वाटतं. म्हाताऱ्याने ते रिकामं गाडगं प्रवाहात सोडलं आणि सावलीतल्या माणसांपासून लांब, पायऱ्यांच्या कडेला जाऊन एकटाच बसला. याकोबभाऊ भिंतीआडून एवढेच पुढे झाले की त्यालाच दिसावेत. त्याने वर पाहिलं. खाकी सदरा पाहिला. मग उठला तो पडतझडत वर आला आणि रिक्षाच्या चाकाला धरून बसला.

झालं ते त्याने तुटक तुटक सांगितलं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं. ओरडला, पण कंडक्टरने गाडी थांबवली तेव्हा शेंडी गाव मागे पडलं होतं. उतरून परत जावं तर रिक्षा कुठे शोधावी, नंबर माहीत नाही, माणसाचं नाव माहीत नाही. आणि इकडे सगळे वाट बघणार. इथे येऊन पोचला तर भाऊकी अजून यायची होती. बायकोला काय सांगावं? पोराला वाचवू शकलो नाही, आणि पोराची हाडं रिक्षात विसरून आलो, हे कोणत्या तोंडाने सांगावं? भाऊबंदांनी तर जन्मभर ते ऐकवलं असतं. मग त्याने कुंभाराकडून गाडगं घेतलं, हॉटेलवाल्याच्या चुलीतली राख भरली, लाल फडकं बांधलं.

"चुलीतली राख सोडली म्या पान्यात," तो म्हणाला. "मंत्र म्हनले, पाया पडलो. समदी पाया पडली. ती बी."

याकोबभाऊ त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले की आबा, चूक माझी, मी वर बघितलं नाही. म्हाताऱ्याला ते ऐकूच गेलं नसावं. तो माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत होता आणि हात पुढे करायला धजत नव्हता.

तेवढ्यात त्याची बायको वर आली. सरूबाई म्हणू तिला. डोक्यावरून पदर घेतलेली ठेंगणी बाई. ती कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. म्हातारा उठायला लागला, काहीतरी बोलायला लागला. तिने त्याला हाताने खाली बसवलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "जल्मभर चुलीची राख काडली म्या. पाया पडताना बोट घातलं गाडग्यात. हाड न्हवतं एक बी."

म्हाताऱ्याने विचारलं, मग बोलली का नाहीस?

"तुमाला पान्यातनं वर येऊ द्यायचं हुतं," ती म्हणाली. "तुमचं तोंड बगून मला वाटलं, तुमी येत न्हाई आता."

मग ती माझ्याकडे वळली आणि हात पुढे केले. "द्या बाई. माज्याकडं द्या."

मी पिशवी तिच्या हातात दिली. ती तिथेच धुळीत मांडी घालून बसली, गाडगं पिशवीतून बाहेर काढलं आणि पदराखाली घेतलं. बराच वेळ बसली. रडली नाही. मी रडले. याकोबभाऊ रिक्षाच्या मागच्या बाजूला गेले आणि उगाच स्टेपनी बघत राहिले.

भाऊकी जेवणाच्या तयारीला लागल्यावर ती दोघं देवळामागच्या वाटेने, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते त्या बाजूला गेली. म्हाताऱ्याचे पाय खडकावर ठरेनात, म्हणून याकोबभाऊ चपला काढून त्यांच्याबरोबर पाण्यात उतरले. एका बाजूने बायको, एका बाजूने हा नगरचा ख्रिस्ती रिक्षावाला, मधे बाप. लाल फडकं सरूबाईंनी सोडलं. काय म्हणाले ते मला किनाऱ्यावर ऐकू आलं नाही. परतताना मी याकोबभाऊंना विचारलं की तुम्ही काय म्हणत होता? तर म्हणाले, "आमच्यातलं म्हनलो. दुसरं मला येतंय कुटं?"

पिशवी परत करण्याची गोष्ट खरं तर इथे संपते. मासिकात छापायची तर इथेच संपवावी. पण पुढचं लिहिलं नाही तर याकोबभाऊ कोण होते ते कळणार नाही.

दुसऱ्याच आठवड्यात गावातल्या वर्तमानपत्राचा एक बातमीदार स्टँडवर आला. चौकीतून काहीतरी त्याच्या कानावर गेलं होतं. प्रामाणिक रिक्षावाला, हाडं परत केली, फोटो, शाल, नारळ. याकोबभाऊ त्याला म्हणाले की कुणीतरी तुमची चेष्टा केली, मी हद्दीबाहेर भाडं मारायला गेलो होतो आणि सापडलो. त्याने माझा पत्ता विचारला, तोही दिला नाही. बिचारा रिकामा गेला.

परिवहन खात्याच्या सुनावणीलाही ते तसंच बोलले. मी साक्ष द्यायला तयार होते. साडी नेसून, छत्री घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी दारातच अडवलं.

"तुमी खरं बोलनार," ते म्हणाले. "मंग साहेब म्हननार, कुनाची हाडं, मालकाला बोलवा. आबा येनार, लिवून देनार. भाऊकीत कोन ना कोन कचेरीत आसतंच. म्हातारा त्या पान्यातनं एकदा वर आलाय बाई. परत घालायचा न्हाई त्याला."

परमिट काही महिन्यांसाठी रद्द झालं. ताडपत्रीखाली रिक्षा दारात उभी राहिली आणि याकोबभाऊ मार्केट यार्डात पोती उचलायला गेले. त्या वयात ते काम झेपणारं नव्हतं. एक दिवस ज्वारीच्या पोत्याखाली पाय घसरला आणि कंबर गेली ती कायमची. पुन्हा रिक्षा चालवायला लागले तेव्हा वळून सीटवर हात फिरवणं त्यांना जमत नसे. मग खाली उतरून, मागे येऊन, वाकून बघायचे, आणि टपाच्या पाइपालाही हात लावून बघायचे. उतरलेल्या लोकांना वाटायचं म्हातारा वेळ काढतोय. मला मात्र तो हात वर जाताना बघवायचं नाही, मी तोंड फिरवून पैसे द्यायचे.

मी त्यांना एकदा विचारलं की कधी वाईट वाटतं का? ते म्हणाले, "वाटतं की. इमामपूरला इंजिन तापलं त्याचं वाटतं. तेवढं नसतं झालं तर म्हाताऱ्याला राख भरावी लागली नसती." स्वतःच्या कंबरेचं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

किसन आबा काही वर्षांत गेले. सरूबाई मात्र मधूनमधून नगरला यायच्या, बाजरी किंवा हुरडा घेऊन, आणि याकोबभाऊंच्या दारात बसून जायच्या. दोघं फारसं बोलत नसत. मार्थाबाई, त्यांची बायको, मला म्हणायची की ही येते, चहा पिते, रिक्षाकडे बघत बसते आणि उठून जाते.

याकोबभाऊ गेले ते उन्हाळ्यात. दफनभूमीत फार माणसं नव्हती. स्टँडवरचे काही रिक्षावाले, चर्चमधली मंडळी, मी. सरूबाईंना कुणी कळवलं ते ठाऊक नाही, पण त्या आल्या होत्या. खूप थकल्या होत्या, काठी टेकत उभ्या होत्या. त्यांनी असं दफन पूर्वी पाहिलं नसावं. पेटी खाली उतरवताना त्या पुढे होऊन खड्ड्यात डोकावून बघत होत्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली, एकेकाने मूठमाती दिली. सरूबाईंनीही दिली.

लोक पांगायला लागले तरी त्या हलेनात. मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मला विचारलं, "बाई, ह्यांला हितंच ठिवनार ना? इतनं कुनी हलवनार न्हाई ना कुटं?"

मी म्हणाले, नाही, आता इथेच.

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी काठी बाजूला ठेवून त्या ओल्या मातीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.